निलंबित सेवकाचा निर्वाहभत्ता आणि चौकशीस पोहोचण्याचा हक्क

निलंबन ही शिक्षा नव्हे, असे सेवाविषयक कायद्याच्या प्रत्येक पाठ्यग्रंथात सांगितलेले असते आणि शास्त्रदृष्ट्या ते खरेही आहे. आरोपाची चौकशी निर्वेधपणे व्हावी, पुराव्यात ढवळाढवळ होऊ नये, साक्षीदारांवर दडपण येऊ नये, एवढ्यासाठी सेवकाला तात्पुरते कामापासून दूर ठेवणे, इतकाच त्याचा अर्थ. मालक व सेवक यांचा संबंध त्यामुळे तुटत नाही. केवळ काम करून घेण्याचे मालकाकडून स्थगित केले जाते. परंतु संबंध तुटत नाही असे एकदा मानले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. संबंध कायम आहे, सेवक काम करावयास तयार आहे, आणि काम न देण्याचा निर्णय सर्वस्वी मालकाचा आहे. मग या काळात सेवकाने खावे काय? निर्वाहभत्त्याची सर्व चर्चा या प्रश्नातून निघालेली आहे. प्रस्तुत लेखात तिची एकच बाजू घ्यावयाची आहे. निर्वाहभत्ता हा केवळ पोटापाण्याचा प्रश्न नसून तो चौकशीच्या वैधतेचा प्रश्न कसा होतो, आणि एटापल्लीसारख्या अरण्यप्रदेशात तो अंतराचा प्रश्न कसा बनतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम मूळ तत्त्व. निलंबनाचे तीन प्रकार न्यायालयांनी वेगळे केले आहेत. शिक्षा म्हणून केलेले निलंबन हा पहिला. दुसरा, नियमाने वा कराराने मिळालेल्या अधिकाराखाली चौकशीच्या काळापुरते केलेले निलंबन. यात सेवाकराराच स्थगित होतो आणि नियमात सांगितलेला भत्ताच काय तो देय असतो. तिसऱ्या प्रकारात असा अधिकार नियमातही नसतो व करारातही नसतो. मालक केवळ 'तूर्त कामावर येऊ नकोस' एवढेच सांगतो. तसे सांगण्यास त्याला आडकाठी नाही. मात्र पूर्ण वेतन द्यावे लागते. दिल्लीच्या हॉटेल इम्पीरियलच्या कामगारांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली ही भूमिका औद्योगिक क्षेत्रात मांडली, आणि बलवंतराय रतिलाल पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, म्हणजे मुंबई सरकारच्या वैद्यकीय सेवेतील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, तीच सरकारी नोकरीस लागू केली. सामान्य समजूत अशी असते की निलंबित माणसाला अर्धा पगार मिळतो ही मालकाची मेहेरबानी. वस्तुस्थिती उलट आहे. पूर्ण पगार हा मूळ नियम असून अर्धा पगार हा अधिकार देणाऱ्या तरतुदीने केलेला अपवाद आहे. म्हणून तो अपवाद ज्या अटींवर दिला त्या अटी काटेकोरपणे पाळल्या जाणे आवश्यक ठरते.

आता आकडे. महाराष्ट्र शासनाच्या सेवकास १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांपैकी निलंबनकाळातील प्रदानासंबंधीचा नियम ६८ लागू होतो. त्यानुसार पहिल्या तीन महिन्यांत अर्धवेतनी रजेवर असता जितके रजावेतन मिळाले असते तितकी रक्कम, आणि त्या रकमेवरील महागाई भत्ता, असा निर्वाहभत्ता ठरतो. एटापल्ली तालुक्यातील एखाद्या नियतक्षेत्रावरील वनरक्षक कल्पावा. हिशेब सोपा जावा म्हणून त्याचे मूळ वेतन ३०,००० रुपये आणि महागाई भत्ता ५० टक्के मानू. कामावर असताना त्याला या दोन बाबींचे ४५,००० रुपये मिळत. निलंबनानंतर मूळ रक्कम १५,००० आणि तीवरील महागाई भत्ता ७,५००, मिळून २२,५०० रुपये होतात. घरभाडे भत्त्यासारख्या बाबी त्यांच्या अटींनुसार वेगळ्या. तीन महिन्यांनंतर निलंबनाचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास या रकमेत फेरबदल करता येतो. लांबणीचे कारण सेवकाकडे प्रत्यक्षपणे जात नसेल तर भत्ता त्याच्याच निम्म्यापर्यंत वाढवता येतो, म्हणजे आपल्या वनरक्षकाला ३३,७५० रुपयांपर्यंत मिळू शकतात. विलंब सेवकामुळेच झाला असेल तर तो निम्म्याने घटवता येतो. मग हाती ११,२५० रुपये येतात. दोन्ही बाबतींत कारणे लेखी नमूद करावी लागतात.

कारखान्यातील कामगारासाठी वेगळा कायदा आहे. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्यात १९८२ साली कलम १०-अ घालण्यात आले आणि पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या ५० टक्के, नंतर चौकशी लांबण्यास कामगार प्रत्यक्ष कारण नसेल तर ७५ टक्के, असे प्रमाण ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. तिच्या कलम ३८ ने हेच प्रमाण कायम ठेवले असून चौकशी सामान्यतः निलंबनापासून ९० दिवसांत पुरी व्हावी असेही म्हटले आहे. मात्र संहितेतील स्थायी आदेशांचे प्रकरण तीनशे वा अधिक कामगार असणाऱ्या आस्थापनांनाच लागू आहे. महाराष्ट्राची जुनी परंपरा याहून उदार होती. मुंबई राज्याच्या १९५९ च्या नियमांतील नमुना स्थायी आदेशांत १८० दिवसांनंतर पूर्ण वेतन देण्याची तिसरी पायरी होती. ती पायरी काय किमतीची होती हे हिशेबानेच कळते. महिना २४,००० रुपये मिळवणाऱ्या कामगाराचे निलंबन २४० दिवस चालले असे धरू, आणि महिना तीस दिवसांचा मानू. केंद्रीय प्रमाणाने पहिल्या तीन महिन्यांचे ३६,००० आणि पुढील पाच महिन्यांचे ९०,००० मिळून १,२६,००० रुपये होतात. नमुना स्थायी आदेशानुसार ३६,०००, ५४,००० आणि अखेरच्या दोन महिन्यांचे पूर्ण ४८,००० मिळून १,३८,००० होतात. फरक १२,००० रुपयांचा. पण खरा फरक रकमेत नव्हता. चौकशी सहा महिन्यांपुढे रेंगाळली तर मालकाला कामाशिवाय पूर्ण पगार मोजावा लागे. म्हणून चौकशी लवकर उरकण्यात त्याचेच हित निर्माण होई. ७५ टक्क्यांवर थांबणाऱ्या व्यवस्थेत हा दाब अर्थातच सौम्य होतो.

वाचकाच्या ध्यानात आले असेल की वनरक्षकाचे ३३,७५० रुपये हे त्याच्या ४५,००० चे बरोबर ७५ टक्के आहेत. म्हणजे दोन्ही व्यवस्था कमाल अंकावर एकाच ठिकाणी येतात. तरी त्यांत एक मोठा भेद राहतो. औद्योगिक कायद्यात ९१ व्या दिवशी वाढ आपोआप होते, ती नाकारावयाची असेल तर विलंबाचा दोष कामगारावर आहे हे मालकाने दाखवावे लागते. सरकारी नियमात ती वाढ अधिकाऱ्याच्या आदेशाची वाट पाहते. आदेश निघालाच नाही तर भत्ता पहिल्याच पायरीवर अडकून पडतो. व्यवहारात अन्याय होतो तो बहुधा येथे, आणि तो कोणी दुष्टपणे केलेला नसतो. नस्ती एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जात असते, संबंधित अधिकाऱ्याची बदली होते, नव्याला प्रकरण ठाऊक नसते. निलंबित सेवकाने तीन महिने पूर्ण होताच आढाव्यासाठी लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी, हे म्हणूनच निव्वळ औपचारिक मानू नये.

भत्त्यास एक अटही जोडलेली असते. आपण दुसरी नोकरी, धंदा वा व्यवसाय करीत नाही असे प्रमाणपत्र सेवकाने वेळोवेळी द्यावे लागते. अट रास्त आहे. निर्वाहाचा दुसरा मार्ग असेल तर निर्वाहभत्त्याचे प्रयोजनच उरत नाही. परंतु तिची दुसरी बाजूही पाहावी. सेवकाने अन्यत्र काम करू नये, विनापरवाना मुख्यालय सोडू नये, आणि भत्ता मात्र वेळेवर मिळू नये, असा तिहेरी फास कित्येकदा बसतो. आपल्या वनरक्षकाचे बिऱ्हाड एटापल्लीत आहे आणि आदेशात मुख्यालय गडचिरोली ठरवले आहे, असे समजा. त्याला दोन ठिकाणी खर्च आला. मुलांच्या शाळेसाठी कुटुंब हलवता येत नाही, आणि हा सर्व खर्च २२,५०० रुपयांतून भागवावयाचा. त्यातून आयकर, सरकारी निवासाचे भाडे आणि शासकीय अग्रिमांचे हप्ते कापले जातात. सहकारी पतसंस्थेचे हप्ते वा विम्याचे हप्ते मात्र त्याच्या लेखी संमतीशिवाय कापता येत नाहीत.

येथून आपण अंतराच्या मुद्द्यावर येतो, आणि त्यासाठी ज्या निकालाचा आधार घ्यावयाचा तो योगायोगाने वनखात्याचाच आहे व एटापल्लीच्या शेजारच्याच अरण्यातला आहे. २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी एटापल्ली चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. त्या दिवशी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या मुलखाच्या पूर्वेस बस्तर लागते. बस्तर आज छत्तीसगडमध्ये असले तरी १९६० च्या दशकात ते मध्य प्रदेशात होते. त्या काळी मध्य प्रदेशाच्या सेवेतील घनश्यामदास श्रीवास्तव या वनक्षेत्रपालाविरुद्ध विभागीय चौकशी सुरू झाली. ते निलंबित होते आणि चौकशीचे ठिकाण होते जगदलपूर. त्यांच्या राहत्या ठिकाणापासून सुमारे ५०० किलोमीटर दूर, असे न्यायालयाने नमूद केले आहे. ९, १० आणि ११ फेब्रुवारी १९६५ रोजी पुराव्याचा काही भाग नोंदवला गेला. निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता त्यांच्या हाती पडला तो २० मार्च १९६५ रोजी. श्रीवास्तव गैरहजर होते. चौकशी त्यांच्यावाचून पुढे गेली, आणि पुढे ते सेवेतून गेले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले व १९७३ साली त्याचा निकाल लागला. न्यायालयाने विचारलेला प्रश्न साधा होता: वेतनाखेरीज या माणसाला उत्पन्नाचे दुसरे साधन होते असे अभिलेखावर काही आहे काय? तसे काही नव्हते. मग २० मार्चपूर्वी त्याला पैसे मिळाले नाहीत, म्हणून तो चौकशीस हजर राहू शकला नाही, हा निष्कर्ष सरळच निघतो. गैरहजेरी ही त्याची निवड नव्हती. संविधानाच्या अनुच्छेद ३११ (२) ने सेवकाला आपला बचाव करण्याची वाजवी संधी दिलेली आहे; भत्ता न देऊन शासनाने ती संधी प्रत्यक्षात हिरावली, आणि त्यामुळे संपूर्ण कारवाई रद्द ठरली. या निकालाचे महत्त्व त्याच्या क्रमात आहे. साक्षी तपासल्या, नोटिसा पाठवल्या, टिपणे ठेवली, कागदोपत्री सर्व काही नियमाप्रमाणे घडले. उणीव होती ती फक्त तीन तारखांच्या आधी येऊ शकणाऱ्या एका रकमेची. तारखांचा हा क्रम म्हणून अशा प्रत्येक प्रकरणात प्रथम मांडून पाहावा. पुरावा कोणत्या दिवशी नोंदला गेला आणि पैसा कोणत्या दिवशी पोहोचला, या दोन रकान्यांत पुष्कळदा सगळा वाद सामावलेला असतो.

याच तत्त्वाची पुनरुक्ती १९९९ साली कॅप्टन एम. पॉल अँथनी विरुद्ध भारत गोल्ड माइन्स या खटल्यात झाली. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील हा सुरक्षा अधिकारी १९८५ साली निलंबित झाला. घराच्या झडतीत सोन्याचा छोटा गोळा व सोनेमिश्रित वाळू सापडल्याचा आरोप होता. भत्ता न मिळाल्याने आणि आजारपणामुळे केरळातील आपल्या गावाहून तो खाणीच्या ठिकाणी जाऊ शकला नाही, चौकशी एकतर्फी झाली व ७ जून १९८६ रोजी त्याला बडतर्फ करण्यात आले. फौजदारी खटल्यात तो ३ फेब्रुवारी १९८७ रोजी निर्दोष ठरला. सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीचा आदेश टिकू दिला नाही. निकालातील एक भाग येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. निलंबनकाळात भत्ता नाकारणे म्हणजे माणसाला हळूहळू उपाशी ठेवणे असून तो जीविताच्या मूलभूत हक्कावरील आघात आहे, असे न्यायालयाने मानले. म्हणजे १९७३ साली जो चौकशीच्या न्याय्यतेचा प्रश्न होता तो आता अनुच्छेद २१ शी जोडला गेला.

या दोहोंच्या मध्ये महाराष्ट्राचे एक प्रकरण येते, आणि त्यात अंतर नसले तरी रकमेचाच प्रश्न सर्वांत उघडा पडला. १९५९ च्या मुंबई नागरी सेवा नियमांतील नियम १५१ च्या एका परंतुकात म्हटले होते की फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलेल्या निलंबित सेवकाला, अपील चालू असतानाही, महिना एक रुपया निर्वाहभत्ता द्यावा. चंद्रभान तळे यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हे परंतुक अवैध ठरवले. त्यावर राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै १९८३ मध्ये अपील फेटाळले गेले. राज्याचा युक्तिवाद अगदी निराधार म्हणता येणार नाही. लाचलुचपतीत दोषी ठरलेल्याला जनतेच्या पैशातून का पोसावे, हा प्रश्न रस्त्यावरच्या माणसाला पटण्यासारखाच आहे. परंतु सेवक दोषी ठरला तर त्याला सेवेतून काढून टाकण्याचा मार्ग राज्याला खुला असतोच. तो मार्ग न घेता त्याला सेवेत ठेवावयाचे, सेवेची बंधने लावावयाची, अन्यत्र काम करू द्यावयाचे नाही आणि निर्वाहासाठी एक रुपया द्यावयाचा, यात विसंगती आहे. एक रुपया हा भत्ता नसून भत्त्याचा आभास आहे, असे न्यायालयाचे मत होते, आणि समानतेच्या कसोटीवर परंतुक टिकले नाही. या निकालानंतर 'निर्वाह' या शब्दाला एक किमान आशय प्राप्त झाला.

तरी या तत्त्वाला मर्यादा आहे, आणि ती विसरल्याने अनेक दावे पडतात. भत्ता उशिरा मिळाला किंवा मिळालाच नाही, एवढ्यावरून चौकशी आपोआप रद्द होत नाही. नंतरच्या निकालांत न्यायालयांनी विचारले आहे की न मिळालेल्या भत्त्याने बचावास प्रत्यक्ष बाधा आली काय? जो सेवक चौकशीच्या गावातच राहतो, प्रत्येक तारखेस हजर राहतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेतो आणि निकाल विरुद्ध गेल्यावर प्रथम भत्त्याची तक्रार करतो, त्याचे म्हणणे ऐकले जात नाही. थकलेली रक्कम त्याला मिळेल; चौकशी मात्र शाबूत राहील. याउलट जगदंबा प्रसाद शुक्ल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या २००० सालच्या प्रकरणात सेवकाने वेळीच पत्र पाठवून कळवले होते की भत्ता न मिळाल्याने पैशाची अडचण आहे व प्रकृतीही बरी नाही, म्हणून हजर राहता येत नाही. न्यायालयाने ते पत्र निर्णायक धरले. ५०० किलोमीटरचे अंतर स्वतः बोलते. थोडे अंतर असेल तर ते कोणीतरी कागदावर बोलावे लागते.

एटापल्लीत अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही. तालुक्याच्या आतल्या गावांतून आलापल्लीस येणे, तेथून गडचिरोलीस जाणे, आणि राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागावयाची तर नागपूर गाठणे, हे पावसाळ्यात पूल बुडाल्यावर किती दिवसांचे काम होते हे तेथील शिक्षक, ग्रामसेवक व वनकर्मचारी जाणतात. त्यातून चौकशी ज्या कारणांनी लांबते तीही याच मुलखाची आहेत. अवैध वृक्षतोडीच्या प्रकरणात साक्षीदार बहुधा माडिया बोलणारे ग्रामस्थ असतात; त्यांची साक्ष मराठीत उतरवावयास दुभाषा लागतो आणि तो नसला की तारीख पुढे जाते. तोडलेल्या सागाच्या बुंध्यांची मोजणी व पंचनामा करणारा वनपाल तोवर बदलून दुसऱ्या विभागात गेलेला असतो. कागदपत्रे फौजदारी न्यायालयात जमा असतात आणि त्यांच्या प्रती मिळविण्यास महिने लागतात. चौकशी अधिकाऱ्याला ही चौकशी हे त्याच्या कामातले एक जादा काम असते. यांपैकी एकही कारण सेवकाकडे प्रत्यक्षपणे जात नाही. म्हणून नियम ६८ खाली वाढीव भत्त्याचा त्याचा दावा अशा प्रकरणांत बहुधा बळकट असतो. परंतु प्रत्येक तहकुबी कोणामुळे झाली याची नोंद त्याने स्वतः ठेवली नसेल तर दोन वर्षांनी तो दावा सिद्ध करणे कठीण जाते. उलट, सेवकानेच दोनदा बचाव साहाय्यक बदलला आणि तीनदा मुदत मागितली असेल, तर तेवढा काळ त्याच्या खात्यावर पडतो.

निलंबन किती काळ चालावे यालाही अलीकडे काही बांध पडला आहे. अजय कुमार चौधरी विरुद्ध भारत सरकार या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले गेले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही, आणि दोषारोपपत्र दिले असल्यास मुदतवाढीचा आदेश सकारण असावा. महाराष्ट्र शासनाने ९ जुलै २०१९ च्या निर्णयाने त्यानुसार कार्यपद्धती घालून दिली. यामुळे दोषारोपपत्राची तारीख ही आपल्या रकान्यांत तिसरी तारीख म्हणून मांडावी लागते. तीन महिने लोटले आणि दोषारोपपत्र नाही, तर भत्ता वाढवून मागण्याऐवजी निलंबनच मागे घेण्याची मागणी करणे योग्य. सेवकाला पुनःस्थापित केल्यावर त्या काळाचे वेतन कसे ठरवावयाचे हा वेगळा विषय आहे. येथे इतकेच सांगावे की निलंबन सर्वथा असमर्थनीय ठरले तर पूर्ण वेतनातून दिलेला भत्ता वजा करून उरलेली रक्कम द्यावी लागते. आणि अंशतः दोष सिद्ध झाला तरी देय रक्कम निर्वाहभत्त्याहून कमी होऊ शकत नाही.

हे सर्व ज्याच्या नावाने निलंबनाचा आदेश निघतो त्याच्यापुरते झाले. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या पट्ट्यातील अरण्यकामाचा मोठा भाग रोजंदारीवर चालतो. बांबू तोडणारा, रोपवाटिकेत खड्डे खणणारा, आगरेषा साफ करणारा, तेंदूपाने संकलनाच्या हंगामात फळीवर गड्ड्या मोजून देणारा मजूर कधी निलंबित होत नाही. त्याच्यावर संशय आला तर दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर त्याचे नाव चढत नाही, इतकेच. आदेश नाही, म्हणून चौकशी नाही; चौकशी नाही, म्हणून निर्वाहभत्ता नाही. असा मजूर औद्योगिक कायद्याखाली सेवासमाप्तीचा वाद उभा करू शकतो, पण त्याला आधी आपण सलग कामावर होतो हे सिद्ध करावे लागते, आणि ते सिद्ध करणारा हजेरीपट ज्याच्याविरुद्ध वाद आहे त्याच्याच कपाटात असतो.